आपल्या पानाचं माप

समजा, तुम्ही घरगुती मसाले विकता आणि इन्स्टाग्रामवर तुमच्या पानाला 400 फॉलोअर आहेत. मोठ्या मसाला कंपनीचे हजारो लाइक पाहून जीव खट्टू करून घेऊ नका. तिथे जाहिरातीचा पैसा असतो, शिवाय फॉलोअर वाढतात तसं प्रतिसादाचं प्रमाण सहसा घटतं.

तुमच्यासारखाच माल विकणारी, 200 ते 800 फॉलोअरची पाच-सहा पानं निवडा. आठवडाही न झालेल्या आणि बक्षिसाच्या पोस्ट सोडून प्रत्येकाच्या शेवटच्या 11 पोस्ट घ्या. प्रत्येक पोस्टचे लाइक व कमेंट मिळवा, आकडे चढत्या क्रमाने लावा आणि सहावा, म्हणजे मधला घ्या. सरासरी नको, एकच गाजलेली पोस्ट ती फुगवते. मधल्या आकड्याला त्या पानाच्या फॉलोअरच्या संख्येने भागून शंभराने गुणा.

तुमच्या पानाचाही असाच हिशोब करा. तुमचा मधला आकडा 20 आला, तर प्रमाण 5 टक्के. इतर पानं 4 ते 6 टक्क्यांत असतील, तर तुम्ही त्यांच्या बरोबरीला आहात. घरच्यांचे लाइक वगळू नका. त्यांच्याकडेही ते मोजलेच जातात. आणि तुमच्याकडे चार लाइक म्हणजेच एक टक्का, म्हणून एवढ्याशा घसरणीवर निर्णय घेऊ नका. दोन महिन्यांनी याच पानांशी पुन्हा ताडून पाहा.