गरमी बरी झाली हे कशावरून?



हा विषय चारचौघांत बोलण्याचा नाही, असे काही हितचिंतकांनी आम्हांस सुचविले. पण कामगारवस्तीत हिंडताना आम्ही पाहिले आहे की, हा रोग अबोल्यावरच पोसतो. आम्ही डॉक्टर नव्हे. वाचून, विचारून जे कळले ते सांगतो.

उपदंश, म्हणजे आपल्या बोलीतली गरमी, हा मोठा फसवा रोग. लागणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी त्या जागी व्रण उठतो. तो बहुधा दुखत नाही, आणि औषधावाचूनच भरतो. माणूस म्हणतो, सुटलो! जंतू मात्र तोवर रक्तात पोचलेले असतात. पुढे अंगावर, तळहात-तळपायांवरसुद्धा, पुरळ येते. तेही आपोआप जाते. मग येते ती मुकी अवस्था. बाहेर काही दिसत नाही. रक्त तपासले तरच कळते. उपचार न झालेल्या काहींच्या हृदयावर वा मेंदूवर हा रोग कित्येक वर्षांनी घाला घालतो.

आमचा एक सभासद पुरळ दिसताच दवाखान्यात गेला. रक्ताची व्हीडीआरएल तपासणी झाली. आकडा आला १:३२. म्हणजे रक्तातील पाणी बत्तीसपट पातळ केले तरी खूण उमटत होती. त्याच दिवशी बेंझाथिन पेनिसिलीनचे २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत निम्मे निम्मे टोचले. हे औषध स्नायूतून सावकाश झिरपते व दोन-तीन आठवडे रक्तात टिकते. तसेच हवे, कारण हा जंतू दुप्पट व्हायला दिवसाहून अधिक वेळ घेतो. रोग जुना किंवा केव्हाचा ते ठाऊक नसेल, तर आठवड्याच्या अंतराने अशा तीन मात्रा लागतात.

त्या रात्री त्याला हुडहुडी भरून ताप आला. औषध उलटले, असे घरच्यांना वाटले. तसे नव्हते, जंतू मरताना असे होते, आणि दिवसभरात उतरते. पत्नीलाही तपासून टोचले. ते झाले नसते तर रोग पुन्हा घरात आला असता.

सहा महिन्यांनी आकडा १:८, वर्षाने १:२. निदान चौथाईवर उतरला म्हणजे औषध लागू पडले. बत्तीसाचे सोळा झाले, तर तो केवळ तपासणीतला फरकही असू शकतो. म्हणून दर वेळी तीच तपासणी, तीच प्रयोगशाळा धरावी. उलट आकडा चौपट चढला, तर नवी लागण झाली किंवा उपचार फसला, असे समजून पुन्हा डॉक्टर गाठावा.

पुढे नव्या नोकरीच्या वेळी त्याची टीपीएचए नावाची दुसरी तपासणी झाली. ती ‘पॉझिटिव्ह’ निघाली आणि नोकरी अडली. ही तपासणी रोग बरा झाल्यावरही बहुधा जन्मभर तशीच राहते. लागण पूर्वीची की आजची, हे ती एकटी सांगू शकत नाही. त्याने तिन्ही चिठ्ठ्या जपल्या होत्या. त्या आम्ही तारीखवार लावून तिथल्या डॉक्टरांपुढे ठेवल्या. त्यांनी बत्तीस, आठ, दोन असे आकडे वाचले आणि कागदावर सही केली.