मूळ फोटोला हात लावायचा नाही

आमच्या खोपोलीच्या घरात आजी-आजोबांचा एक कृष्णधवल फोटो होता. एका पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि फोटो काचेला चिकटून खराब झाला. त्याआधी मी मोबाईलवर त्याची प्रत घेतली होती, म्हणून निर्धास्त होतो. पण भावाने तीच प्रत रंगीत केली, कडा कापल्या आणि त्याच नावाने सेव्ह केली. आता सगळे म्हणतात, साडी हिरवी होती. आजी म्हणते, "अरे, जांभळी होती ती!" ॲपने रंगाचा फक्त अंदाज केला होता. आणि कडेला उभी असलेली आत्या? ती तर कापलीच गेली.

तेव्हापासून मी प्रत्येक फोटो दोन्ही बाजूंनी स्कॅन करतो, कारण तारीख आणि स्टुडिओचा शिक्का बहुतेक मागेच असतो. ती फाईल 'मूळ' फोल्डरमध्ये जाते, तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर. बदल करायचा तर वेगळी प्रत काढून, नावातच सांगून:

```
1968_andaje_aji_mul.tif
1968_andaje_aji_rang_1.jpg
```

वर्ष नक्की माहीत नसेल तर 'andaje' लिहितो.

पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की फाईलचं नाव बदलतं आणि दर्जाही घसरतो. म्हणून बदललेल्या फोटोखाली पांढरी पट्टी जोडून त्यावरच लिहितो: "रंग अंदाजे, कडा कापलेल्या". मूळ फाईल मात्र डॉक्युमेंट म्हणूनच पाठवतो.

आत्याचा फोटो काही परत आला नाही. तुमच्या घरातली भिंत आजच बघा.