शितावरून भाताची परीक्षा : पण शिते किती?



आपला मोहाडी तालुका धानाचा, म्हणून नमुना पाहणीविषयीचा एक पक्का गैरसमज धानाच्याच उदाहरणाने सांगतो. पाहणी कशाचीही असो, लोक म्हणतात, “निदान दहा टक्के तरी तपासा.” हे ऐकायला न्याय्य वाटते, पण हिशेबात बसत नाही.

पीक कापणी प्रयोग आपण सर्वांनी पाहिला आहे. चिठ्ठी टाकल्यासारखी निवडलेली बांधी, तिच्यात आखलेला चौकोन, त्यातले धान कापून, मळून केलेले वजन. सातारा जिल्ह्यातले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी ही पद्धत १९४० च्या दशकात देशात शास्त्रशुद्ध पायावर आणली.

समजा, बांधीचे उत्पन्न सरासरीपेक्षा साधारण ६ क्विंटल हेक्टरी कमीजास्त असते. एका लहान गावात ९० बांध्या आहेत. दहा टक्के म्हणजे ९. सरासरीतली संभाव्य चूक काढायला ६ ला ९ च्या वर्गमुळाने, म्हणजे ३ ने भागायचे. चूक सुमारे २ क्विंटल येते. ही फार झाली. आता ९,००० बांध्यांचे महसूल मंडळ घ्या. दहा टक्के म्हणजे ९०० प्रयोग, आणि चूक फक्त ०.२ क्विंटल. एवढ्या बारकाव्याची गरज नाही आणि इतके प्रयोग करायला माणसेही नाहीत.

त्याऐवजी दोन्हीकडे ३६ बांध्याच घेऊ. मंडळात चूक १ क्विंटल येते. गावात ती पाऊण क्विंटलच्या जरा वर, कारण तिथे एकूण बांध्यांपैकी बराच भाग तपासून झालेला असतो. म्हणजे बांध्या शंभरपट वाढल्या, तरी चूक जेमतेम पाव क्विंटलने वाढली. चूक ठरते ती किती बांध्या कापल्या आणि त्यांच्यात फरक किती, यावरून. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट करावा लागतो.

प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या सूचनांतही टक्केवारी नाही. महसूल मंडळाला किमान १०, तालुक्याला १६ आणि जिल्ह्याला २४ प्रयोग. जिल्हा तालुक्याच्या कितीतरी पट मोठा, तरी प्रयोग दीडपटच.

दोन पथ्ये मात्र आहेत. प्रत्येक गावाचा वेगळा आकडा हवा असेल, तर प्रत्येक गावात पुरेसा नमुना लागतो. मंडळाचे दहा प्रयोग गावांत वाटून भागत नाही. आणि बांधी चिठ्ठीनेच निघावी. कालव्याकाठच्या सोयीच्या बांध्याच निवडल्या, तर ९०० प्रयोगही कोरडवाहू शेतकऱ्याचे नुकसान झाकतील, आणि त्याची भरपाई बुडेल.

म्हणून कोणी “किती टक्के तपासले?” असे विचारले, तर तुम्ही विचारा, “किती तपासले, आणि निवडले कसे?”