समेटाचा कागद

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायद्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण धाकट्या बहिणीच्या पैशांसाठी मला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. तेथे जे कळले ते तुम्हांला सांगावे, म्हणून उभी राहिले आहे.

बहिणीच्या यजमानांनी आपल्या भावाला दुकानासाठी 1,20,000 रुपये दिले होते. 2021 साली यजमान वारले आणि पैशांचे नाव निघेना. मग 2022 साली घरच्या वडीलधाऱ्यांनी दोघांना बसवून समेट केला. स्टँप पेपर आणला, सह्या झाल्या, चहा झाला. कागदावर लिहिले होते, "रक्कम सवडीप्रमाणे परत करीन." दिरांनी बारा-बारा हजार असे दोनदा दिले आणि पुढे त्यांना सवडच होईना!

तो कागद घेऊन आम्ही एका वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "ताई, हा करार आहे, हुकूमनामा नव्हे. तो मोडला तर कोर्टात नव्याने दावा लावावा लागेल. हा कागद त्यात पुरावा म्हणून उपयोगी पडेल, पण नुसत्या त्याच्यावर जप्ती निघणार नाही."

माझ्या तर हातापायांतले बळच गेले. मग समेट करून मिळवले काय?

तेव्हा त्यांनी लोकअदालतीची वाट दाखविली. आमच्या तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचे कार्यालय आहे. दावा लावलेला नसला तरी तेथे अर्ज देता येतो, फी पडत नाही. शिवाय स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, स्त्री असणे एवढेच पुरे. हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते.

2023 साली समितीने दिरांना नोटीस पाठविली आणि ते आले. समोर बसलेल्या मंडळींनी दोघांचे ऐकून घेतले. तेथे कोणी निकाल लादीत नाही. दोघांचे जुळले तरच निवाडा होतो. न जुळले तर आपला दाव्याचा मार्ग मोकळाच राहतो. दीर म्हणाले, "एकदम 96,000 कोठून आणू?" बहीण म्हणाली, "भाऊजी, एकदम नको, पण तारीख सांगा."

शेवटी असे लिहिले गेले: दरमहा 10 तारखेच्या आत 6,000 रुपये बहिणीच्या बँकेच्या खात्यात भरायचे, असे 16 हप्ते. लागोपाठ दोन हप्ते चुकले तर उरलेली सर्व रक्कम एकदम देणे लागेल. दोघांच्या सह्या झाल्या, मंडळींच्या सह्या झाल्या आणि निवाड्याची प्रत आम्हांला फुकट मिळाली.

समेट तोच, माणसे तीच, पण या कागदाचे वजन निराळे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच मानतात.

चार हप्ते आले आणि पुन्हा दोन चुकले. या वेळी दावा लावावा लागला नाही. 2024 साली वकीलबाईंनी उरलेल्या 72,000 रुपयांसाठी कोर्टात दरखास्त दिली, म्हणजे निवाड्याची अंमलबजावणी करून द्या, असा अर्ज. असा अर्ज 12 वर्षांच्या आत करता येतो. दुकानातल्या मालावर जप्ती येणार हे दिसताच दिरांनी पैसे भरले. बेलिफाला दुकानाची पायरी चढावी लागली नाही, हे बरे झाले. अखेर घरचीच माणसे ती.

"सवडीप्रमाणे" हा शब्द निवाड्यात राहिला असता, तर निवाडा असूनही आमची पंचाईत झाली असती. कोर्ट बजावणी करते ती लिहिलेल्या शब्दांची. किती, कोणत्या तारखेला, कोठे आणि चुकल्यास काय, ही चार उत्तरे कागदात नसतील तर ते बजावणार काय?

आणखी एक. या निवाड्यावर अपील नाही. फसवणूक झाली असे कोणी म्हणाले, तर त्याला हायकोर्टात जावे लागते. तेव्हा सहीपूर्वी सगळा मजकूर मोठ्याने वाचून घ्यावा. पटले नाही तर सही करू नये. तेथे "नाही" म्हणण्यात काही गैर नाही.

ज्यांचा दावा आधीच कोर्टात चालू आहे, त्यांनाही हा मार्ग आहे. दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते.

बहिणीने तो जुना स्टँप पेपर अजून ट्रंकेत ठेवला आहे. मी म्हटले, "आता कशाला हवा?" ती म्हणाली, "अक्का, सही करताना मी वाचला नव्हता, याची आठवण म्हणून."