‘ती’ की ‘त्या’? : एका अहवालाचा अनुवाद
(अनुवाद कार्यशाळेतील भाषणाचा संपादित भाग)

एका सेवाभावी संस्थेचा इंग्रजी अहवाल मराठीत आणण्याचं काम मध्यंतरी माझ्याकडे आलं. त्यात एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची दहा-बारा ओळींची गोष्ट होती. गाव कोणतं, मुलं किती, आजार कोणता, हे मी इथेही सांगणार नाही. कारण पुढे येईलच.

पहिल्या ओळीतच अडलो. इंग्रजीला डॉक्टरबाई आणि शिवणकाम करणाऱ्या बाई, दोघींसाठी एकच सर्वनाम पुरतं. मराठीत निवड करावी लागते. माझ्या खर्ड्यात डॉक्टर ‘त्या’ होत्या आणि या बाई ‘ती’. ही पायरी मूळ लेखकाची नव्हती, माझी होती. दोघींना ‘त्या’ केलं.

मग लक्षात आलं ते विभक्तीचं. ‘त्यांना मशीन देण्यात आलं, त्यांना प्रशिक्षण मिळालं, त्यांना आधार लाभला.’ बाई सगळीकडे चतुर्थीत, घेणाऱ्या. ‘बिचारी’, ‘अभागी’ हे शब्द गाळले तरी कीव या ‘त्यांना’मध्ये शिल्लक राहते. पण विभक्ती आपल्या मनाने बदलता येत नाही. न केलेल्या गोष्टीचं कर्तेपण चिकटवणं हेही खोटंच. म्हणून संस्थेच्या कार्यकर्तीबरोबर जाऊन बाईंना खर्डा वाचून दाखवला. ‘देण्यात आलं’ ऐकताच त्यांनी थांबवलं. “दिलं कुठलं? निम्मे पैसे मी फेडलेत की, हप्त्यानं.” इंग्रजीत हे नव्हतंच. वाक्य झालं : ‘त्यांनी मशीन घेतलं, निम्मी रक्कम संस्थेने घातली, निम्मी त्यांनी हप्त्यांनी फेडली.’

आता खाजगीपणाचं. अहवालात नाव बदललं होतं आणि संस्थेला तेवढं पुरेसं वाटत होतं. इंग्रजी वाचणारा देणगीदार दूरच्या शहरातला. त्याला ते पुरेसं आहेही. मराठी प्रत मात्र त्यांच्याच ग्रामपंचायतीच्या टेबलावर पडणार. शिवणकाम, वारलेला नवरा, मुलांची संख्या, गावाचं नाव : गावात अशा बाई एकच. त्यात ज्याची कुजबुज होते असा आजार. संमतीपत्रावर त्यांची सही होती, पण आपल्या भाषेत, आपल्या गावात हे वाचलं जाईल याची कल्पना त्यांना कुणी दिली नव्हती. आजार काढा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

गावाचं नाव बदलून दुसरं घालू, अशी सूचना संस्थेकडून आली. मी नको म्हटलं. त्या दुसऱ्या गावातही शिवणकाम करणारी एखादी विधवा असणार आणि गोष्ट तिच्यावर जाऊन बसणार. गाव आणि मुलांची संख्या सरळ गाळली. आजाराची माहिती संस्थेच्या कामाच्या एकूण आकड्यांत राहिली, गोष्टीत नाही. गोष्ट थोडी फिकी झाली, हे मान्य.

निघताना बाईंनी विचारलं, “इंग्रजीतलं कुठं असतं?” संकेतस्थळावर, कार्यकर्ती म्हणाली. “थोरली वाचते इंग्रजी,” बाई म्हणाल्या. संस्थेने दुसऱ्या दिवशी ती प्रत उतरवली.