दर ठरवताना, तारीख मागताना

पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी अनेक वर्षं खरेदी विभाग सांभाळला. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधून आमच्याकडे बिडाचं कास्टिंग यायचं. दरावरून आणि तारखेवरून पुरवठादाराशी बोलणं हे माझं रोजचंच काम होतं. त्यातले दोन प्रसंग आज तुम्हाला सांगतो.

पहिला दराचा. पंपाच्या बारा किलोच्या केसिंगचा दर तेव्हा किलोला 98 रुपये होता. एके दिवशी फाउंड्रीच्या मालकांचं पत्र आलं, "पुढच्या महिन्यापासून दर 108." आमच्याकडच्या तरुण सहकाऱ्याने लगेच उत्तर तयार केलं, "दुसरीकडे 95 ने मिळतंय, बघा." मी ते थांबवलं. कारण 95 चा दर आम्हाला कुणी दिलेलाच नव्हता. फाउंड्रीवाले एकमेकांना ओळखतात, एकाच ठिकाणाहून भंगार घेतात. खोटा दर दोन दिवसांत उघडा पडतो आणि मग आपल्या खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. शिवाय आमचा पॅटर्न त्यांच्या फाउंड्रीत होता. तो हलवायचा, नव्या ठिकाणी नमुने ओतून घ्यायचे, तपासून पास करायचे, यात काही आठवडे जातात. हे त्यांनाही माहीत होतं. जे आपण करणार नाही, त्याची धमकी देऊ नये.

त्याऐवजी मी त्यांच्यासमोर कागद घेऊन बसलो आणि म्हणालो, "साहेब, दहा रुपये कशाकशाचे, ते आपण दोघं मिळून मांडू." तीन महिन्यांत भंगार आणि पिग आयर्न मिळून किलोमागे सहा रुपयांनी महागलं होतं. त्यांची बिलं समोर होती. वितळवताना शंभर किलोत पाचेक किलो जळून जातं, म्हणून सहाचे झाले 6 रुपये 30 पैसे. हे मी तिथल्या तिथे मान्य केलं. जो खर्च खरा आहे, त्यावर घासाघीस करू नये. तो नाकारला तर पुरवठादार तोटा सोसत नाही, तो दुसरीकडून भरून काढतो. चार्जमध्ये हलकं भंगार जातं, मग मशिनिंग करताना टूल तुटतं किंवा आतली ब्लोहोल उघडी पडतात. तोवर त्या नगावर आपली मजुरी खर्च झालेली असते.

राहिले 3 रुपये 70 पैसे. ते म्हणाले, "तुमची ऑर्डर पन्नास-पन्नास नगांची येते. दर वेळी पॅटर्न चढवायचा, उतरवायचा. त्यात माझा अर्धा दिवस जातो." चूक आमची होती. आम्ही तीन महिन्यांचं वेळापत्रक द्यायचं ठरवलं, महिन्याला 400 नग, दोनच खेपांत. त्यावर त्यांनी दोन रुपये सोडले.

मग पैशांचा विषय निघाला. आमच्याकडून त्यांना साठ दिवसांनी पैसे जायचे. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असलेल्या पुरवठादाराला, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे देणं 2006 च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे साठाचे पंचेचाळीस करणं ही सवलत नव्हे, ते आपलं देणं आहे. ते मी मोबदला न मागता दुरुस्त केलं. त्यापुढे मात्र विचारलं, "आणि पंधरा दिवसांत दिले तर?" बारा टक्के व्याज धरलं तर शंभराच्या आसपासच्या दरावर एका महिन्याचा एक रुपया होतो. तो त्यांनी सोडला. उरलेले सत्तर पैसे मजुरीवाढीचे म्हणून आम्ही दिले. दर ठरला 105. सोबत एक ओळ लिहून घेतली, भंगाराचा दर उतरला तर याच हिशेबाने आमचाही दर उतरेल, दर तीन महिन्यांनी बघायचं. त्या ओळीमुळे पुढच्या वेळी भांडणाचं कारणच उरलं नाही.

आता दुसरा प्रसंग, तारखेचा. 400 नग 20 तारखेला हवे होते. फोन करून "वेळेवर होईल ना?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "होऊन जाईल साहेब." त्यात कुणी खोटं बोलत नसतो, प्रश्नच तसा असतो. म्हणून मी 12 तारखेला विचारलं, "आजपर्यंत किती ओतले? किती घासून तयार आहेत?" उत्तर आलं, 150 ओतलेत, घासायला अजून घेतले नाहीत, कोअर करणारी दोन माणसं गावी गेलीत. म्हणजे 20 तारीख चुकणार हे आठ दिवस आधी कळलं. आधी फोनवरच सगळं बोलून घेतलं आणि मग व्हॉट्सअॅपवर हा निरोप पाठवला:

"नमस्कार साहेब. आत्ता बोलल्याप्रमाणे 150 नग ओतून झाले आहेत. आमची जुळणी 22 ला सुरू होते, तेव्हा हे 150 नग घासून, तपासून 20 तारखेला संध्याकाळपर्यंत आमच्या गेटवर हवेत. गाडी आम्ही पाठवतो. उरलेले 250 नग 27 पर्यंत चालतील, त्यापुढे आमची लाइन थांबेल. 27 जमणार नसेल तर कृपया 15 तारखेपर्यंत सांगा, म्हणजे आम्हाला ग्राहकाला वेळेत कळवता येईल."

यात रागाचा एकही शब्द नाही, पण सूटही नाही. "लवकरात लवकर" असं कुठे लिहिलेलं नाही. दिवस, नग आणि जागा लिहिली आहे. आम्हाला खरोखर काय लागतं ते सांगितलं आहे, म्हणून 400 ची एक अशक्य मागणी दोन शक्य मागण्यांत वाटली गेली. आणि "नाही" म्हणायलाही एक तारीख दिली आहे. नकार 15 ला कळला तर मार्ग निघतो, 27 ला कळला तर निघत नाही. 150 नग 20 तारखेला आले. उरलेले 28 ला आले, एक दिवस उशिरा.

उशिरा आलेला माल घेतानाही एक काळजी घ्यायची असते. वेळ हा कराराचा मुख्य भाग असेल आणि तुम्ही उशिराचा माल काही न बोलता स्वीकारलात, तर 1872 च्या करार कायद्याच्या कलम 55 प्रमाणे पुढे त्या उशिराची भरपाई मागता येत नाही. मागायची असेल तर माल घेतानाच तसं कळवावं लागतं. आम्हाला भरपाई नको होती, तरी चलानाच्या पोचपावतीवर "28 ला मिळाले, ठरलेली तारीख 27" एवढं लिहिलं आणि मालकांना फोन करून सांगितलं, की हे नोंदीसाठी आहे, मनात काही ठेवू नका. कामगारांसमोर किंवा चार जणांना प्रती पाठवून हीच गोष्ट सांगितली असती, तर तो अपमान झाला असता.

उद्या तुम्ही छपाईवाल्याशी बोलाल, सुताराशी किंवा मसाल्याची पाकिटं पुरवणाऱ्याशी. बोलण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहा: त्याचा खरा खर्च किती वाढला, त्याचा त्रास कमी करायला तुम्ही काय देऊ शकता, आणि कोणत्या तारखेनंतर तुमचं काम खरोखर अडतं. एवढं हातात असलं की आवाज चढवावा लागत नाही. आणि त्याचे पैसे ठरल्या दिवशी द्या. वेळेवर पैसे देणाऱ्यालाच वेळेवर माल मागण्याचा हक्क असतो.