पूर-पूर खेळणारी मुलं

मी शहापूरचा, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. ७ जुलै २०२४, रविवार. आटगाव-थानसीटजवळ रुळांवर माती आली, कसाऱ्याच्या लोकल बंद पडल्या. नदीकाठची काही घरं पाण्यात गेली आणि ती माणसं एका शाळेत आली. मी तिथे दोन दिवस मुलांसोबत होतो, एका अंगणवाडीताईंच्या हाताखाली.

आम्ही एक वर्ग फक्त मुलांसाठी ठेवला. पाच ते नऊ वयाची अठरा मुलं, आम्ही दोघं. या वयाच्या साधारण वीस मुलांमागे दोन मोठी माणसं लागतातच. एकजण कुणाला शू करायला घेऊन गेला, तरी दुसरा वर्गात हवा.

पहिली चूक माझीच. खडू वाटले आणि म्हणालो, "चला, पुराचं चित्र काढा." अर्ध्या मुलांनी खडू खाली ठेवले. ताई हळूच म्हणाल्या, "दादा, काय काढायचं ते त्यांना ठरवू द्या."

थोड्या वेळाने तीन पोरं बाकांवर चढून पूर-पूर खेळायला लागली. बाक म्हणजे माळा, फरशी म्हणजे पाणी. एक आजोबा ओरडले, "अरे, असलं अभद्र काय खेळता!" ताईंनी त्यांना थांबवलं. पूर आला तेव्हा सगळं मोठ्यांनी ठरवलं होतं. खेळात कुणाला वर ओढायचं, ते मूल ठरवतं. आधी सगळे बुडत होते. मग एकाने ओढणीचा दोर टाकला. खेळ असा बदलत असेल, मुलं हसत असतील, तर मध्ये पडायचं नाही.

पण कोपऱ्यात एक सात वर्षांची मुलगी होती. तिची कापडी बाहुली पाण्यात पडायची, पुन्हा पडायची. तेच शब्द, चेहरा ताठ, दुसऱ्या कुणाला खेळात घेणं नाही. खेळून मोकळं वाटत नाहीये, हे यावरून कळतं. ताई शेजारी जाऊन बसल्या. "बाहुलीला आता कोण मदत करेल?" उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आईला गाठलं. कळलं की पाणी चढताना आजीला मुरबाडला नातेवाइकांकडे नेलं होतं. आजी कुठे आहे, हे मुलीला कुणी सांगितलंच नव्हतं. फोन लावून दिला. दुसऱ्या दिवशी बाहुली पडली, पण एका पाटीवर चढून बसली.

प्रत्येक वेळी एका फोनवर भागत नाही. काही आठवडे गेले तरी मूल झोपत नसेल, जेवत नसेल, तसाच खेळ अडकून राहिला असेल, तर डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि मुलं पूर-पूर खेळताना दिसली, तर ओरडण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा. खेळात कुणी वाचतंय का, तेवढं बघा.